ऑफिसच्या ग्रुपवर कौतुक करताना इमोजी, 'भारी' आणि आदर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्था, शाळा, आयटी कंपन्या, सरकारी कार्यालयं अशा सगळीकडून वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा ऑफिसचा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर असतो आणि निम्मंअर्धं बोलणं मराठीत चालतं, म्हणून उत्तरंही तेच धरून दिली आहेत.

१. कौतुकाच्या मेसेजमध्ये इमोजी टाकला तर आदर कमी होतो का?

इमोजीमुळे सहसा होत नाही. मराठीत आदर असतो तो क्रियापदाच्या शेवटी. "छान मांडलंत" आणि "छान मांडलंस" यात जो फरक आहे, तो कुठलाही इमोजी भरून काढत नाही. विभागप्रमुखांना "छान मांडलंस 🙏🙏" लिहिलं तर दोन नमस्कार जोडूनही मेसेज एकेरीच राहतो. उलट "मस्त जमवलंत सर 😄" यात 'मस्त' आहे, हसरा चेहरा आहे, तरी कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

म्हणून पाठवण्याआधी नजर टाकायची ती शेवटाकडे: केलंत, सांभाळलंत, दिलंत. ग्रुपवर आणखी एक सोय आहे. थेट समोरच्याला उद्देशून न लिहिता सगळ्यांना सांगितल्यासारखं लिहायचं: "आज मॅडमनी कमाल केली 👏". मॅडम वाचतातच, ग्रुपलाही कळतं, आणि 'तू' की 'तुम्ही' हा पेचच पडत नाही.

इमोजी एक, फार तर दोन. सलग आठ-दहा टाळ्या म्हणजे उत्साह कमी आणि गोंगाट जास्त.

२. 'भारी', 'एक नंबर', 'कडक' हे शब्द साहेबांसाठी वापरले तर चालतात का?

चालतात, पण ते कामाला चिकटले पाहिजेत. "एक नंबर रिपोर्ट झालाय सर", "शेवटची स्लाइड कडक होती", "कार्यक्रमाचं नियोजन भारी झालं" या सगळ्यात कौतुक वस्तूचं आहे. माणसाला हात लावलेला नाही.

बिघडतं ते शब्द माणसावर बसला की. "सर, तुम्ही कडक आहात" हे कॅन्टीनमध्ये हसतखेळत ठीक, पण ग्रुपवर वाचणाऱ्याला ते सर शिस्तीचे कडक आहेत असंही वाटेल. "बाप माणूस", "वाघ", "ढाण्या वाघ" ही बरोबरीच्यांची भाषा. ती वरच्या माणसाला लावली की कौतुकापेक्षा लाडीगोडी वाटते, आणि ग्रुपवरचे बाकीचे ती बरोबर ओळखतात.

तिसरा गट 'फाडलंत', 'तोडलंत', 'राडा केलात' यांचा. या क्रियापदांना आदराचा शेवट लावला की वाक्य विनोदी होतं. मित्राला "फाडलंस भावा" शोभतं. प्राचार्यांना "फाडलंत सर" लिहिलं तर स्टाफरूममध्ये आठवडाभर तेच चालेल.

'आयला' आणि 'च्यायला' कौतुकाच्या भरात तोंडातून जातात, पण लेखी येऊ देऊ नयेत. उच्चारताना ते हवेत विरतात, स्क्रीनवर मात्र मूळ शिवी दिसते.

३. 'शाब्बास' किंवा 'गुड जॉब' वरिष्ठांना म्हणता येतं का?

नाही. मला या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो, कारण यात शब्द अगदी सभ्य असतात आणि तरी खटकतं. काही शब्द वरून खालीच वाहतात. 'शाब्बास', 'गुड', 'असंच चालू ठेवा', 'प्रगती आहे' यांत बोलणारा तपासणारा असतो आणि ऐकणारा तपासला जाणारा. पंचविशीतल्या कर्मचाऱ्याने शाखाधिकाऱ्यांना "असंच चालू ठेवा सर 👍" लिहिलं तर ते वार्षिक मूल्यमापनासारखं वाटतं.

खालून वर कौतुक करायचं असेल तर आपल्याला काय मिळालं ते लिहावं: "सर, ग्राहकाला तुम्ही ज्या पद्धतीने शांत केलंत ते बघून शिकायला मिळालं", "मॅडम, तुमच्या त्या एका फोनमुळे आमचे दोन दिवस वाचले". यात गुण देण्याचा आव नाही. 'मानलं तुम्हाला' हेही वर जाऊ शकतं, कारण त्यात बोलणारा स्वतःकडे कमीपणा घेतो. मग पुढे 🙏 किंवा 👏 काहीही लावा.

बरोबरीच्या सहकाऱ्याला 'शाब्बास' म्हणायचं असेल तर दोस्ती हवी. नाहीतर तिथेही तो वरून टाकल्यासारखा वाटतो.

४. कुणी खूप काम करून पाठवलं आणि मी नुसता 👍 दिला. तो उद्धटपणा आहे का?

उद्धटपणा नाही, पण कौतुकही नाही. 👍 म्हणजे बहुतेक वेळा 'पाहिलं' किंवा 'ठीक'. यापुढे तो काय सांगतो ते प्रसंगावर अवलंबून असतं, आणि हा वाद न्यायालयांपर्यंत गेला आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या न्यायालयाने २०२३ मध्ये एका शेतकऱ्याने जवसाच्या कराराच्या फोटोला दिलेला 👍 म्हणजे करार मान्य असा अर्थ लावला. याउलट मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रेल्वे सुरक्षा दलातल्या एका जवानाची बाजू उचलून धरली. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हत्येविषयीच्या मेसेजला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 👍 दिला म्हणून त्याची नोकरी गेली होती. न्यायालयाच्या मते तो अंगठा 'ओके'च्या जागी होता, हत्येचा आनंद त्यात नव्हता.

एकच चिन्ह एकीकडे 'मान्य' आणि दुसरीकडे 'पाहिलं'. ज्याने रात्रभर बसून टेंडरची कागदपत्रं जुळवली, त्याला तुमचा अंगठा नेमका कोणता हे कळायला मार्ग नाही. म्हणून अंगठ्याआधी एक ओळ हवी: "तिन्ही परिशिष्टं पाहिली, क्रम आता अगदी बरोबर आहे 👍". एवढ्याने त्याला काम वाचलं गेल्याचं कळतं. सुट्टीचा अर्ज, मीटिंगची वेळ, लिंक मिळाल्याची पोच अशा ठिकाणी नुसता अंगठा उत्तम.

५. 🙏 कुठे वापरायचा? आमच्याकडे तो प्रत्येक मेसेजच्या शेवटी असतो.

म्हणूनच त्याचा भाव उतरला आहे. आपल्याकडे तो नमस्कार, आभार, विनंती, माफी आणि 'बास झालं आता, हात जोडतो' या सगळ्यांचं काम करतो. शेवटचा अर्थ लक्षात ठेवा. "तुमच्या सूचनांबद्दल 🙏" असं अर्धवट लिहिलं तर आभार की वैताग हे ठरवणं वाचणाऱ्यावर पडतं. सोबत 'आभारी आहे' किंवा 'धन्यवाद' लिहिलं की प्रश्न मिटतो. वयाने मोठ्या माणसाचं कौतुक करताना कुठला इमोजी घ्यावा हे सुचत नसेल तर मात्र हाच सर्वात सुरक्षित.

६. बढतीच्या अभिनंदनाला 💐 पाठवला तर चुकीचं वाटतं का?

एकटा पाठवला तर वाटू शकतं. मराठी ग्रुपांवर 💐 वाढदिवसालाही असतो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'खालीही, आणि श्रद्धांजलीला बहुतेक वेळा 💐🙏 अशी जोडी येते. सकाळी कुणाच्या वडिलांच्या निधनाची बातमी आली, दुपारी दुसऱ्याच्या बढतीची, आणि खाली वीस जणांचे नुसते 💐🙏 ओळीने पडले, तर कोणता कुणाला हे कळत नाही. अशा वेळी ज्याचं अभिनंदन त्याच्या मेसेजला रिप्लाय करून शब्दांत 'अभिनंदन' लिहावं. फुलं हवीतच तर 🎉 सोबत द्यावीत. आणि दुःखाचा मेसेज आलेल्या दिवशी कौतुकाचा सोहळा दुसऱ्या दिवसावर ढकलला तर काही बिघडत नाही.

७. ❤️, 😍, 😘 सहकाऱ्यांना पाठवावेत का? माझ्या मनात तसं काही नसतं.

😘 नको, कुणालाच नको. 😍 माणसावर नको. ❤️ बद्दल मतं वेगळी आहेत. तरुण टीममध्ये तो 'आवडलं' इतकाच उरला आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ मध्ये रिअ‍ॅक्शन आणल्या तेव्हा पहिल्या सहांत तो होताच. पण रिअ‍ॅक्शन म्हणून मेसेजच्या कोपऱ्यात बसलेला छोटा ❤️ वेगळा, आणि एकटाच पाठवलेला, स्क्रीनवर मोठा होऊन धडधडणारा लाल बदाम वेगळा. रात्री साडेअकराला वैयक्तिक चॅटवर गेलेला तर फारच वेगळा.

मनात काय होतं याला इथे फार वजन नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लैंगिक स्वरूपाचं नकोसं वर्तन पाहतो, आणि त्यात शब्दांशिवायचं वर्तनही येतं. म्हणजे पाहिलं जातं ते समोरच्या व्यक्तीला ते नकोसं होतं का. एका ❤️ ने तक्रार होईलच असं नाही. पण तो फोटोवर, पुन्हा पुन्हा, दिसण्याच्या कौतुकासोबत येत असेल तर 'सहज टाकला' हे उत्तर पुरत नाही.

यातला नेहमीचा अडकणारा प्रसंग नवरात्रातल्या नऊ रंगांचा. सगळ्याजणी एका रंगाच्या साड्यांत, ग्रुपवर फोटो, आणि खाली कौतुक. फोटो सगळ्यांचा असेल तर कौतुकही सगळ्यांचंच: "आजचा हिरवा रंग जमून आलाय 👌". एकीचं नाव घेऊन "तुम्ही तर 😍" लिहिलं की तीही अवघडते आणि बाकीच्याही.

८. नेमकं कौतुक म्हणजे कसं लिहायचं? एखादं उदाहरण द्या.

३१ मार्च, पतसंस्थेची शाखा, वर्षअखेर. संध्याकाळी रोजकीर्द आणि खतावणी जुळेना, २,७०० रुपयांची तफावत. लेखा विभागातल्या मॅडमनी ती रक्कम ९ ने भागून पाहिली. निःशेष भाग जातो म्हटल्यावर त्यांना शंका आली की कुठेतरी लगतच्या दोन अंकांची अदलाबदल झाली असणार. त्या धाग्यावरून शोधलं तर ८,५४० ची नोंद ५,८४० अशी पडलेली सापडली. रात्री साडेनऊला ताळा लागला.

शाखाधिकाऱ्यांचा पहिला मसुदा असा होता: "वा मॅडम 🔥🔥🔥 तोडलंत!! तुम्ही आमच्या शाखेच्या वाघीण 💪😎". हेतू चांगला आहे. पण मॅडम पन्नाशीच्या, ग्रुपवर मुख्यालयातले लोक, आणि 'वाघीण' कशाबद्दल हे मुख्यालयाला कळणार नाही. ज्यांची नोंद चुकली तो नवा क्लार्कही याच ग्रुपवर आहे, तेव्हा चूक कुणाची हे येऊ देता कामा नये.

सुधारलेला मेसेज: "आज रात्री साडेनऊला आपला ताळा लागला. २,७०० ची तफावत मॅडमनी ९ च्या भागाकारावरून ओळखली आणि अर्ध्या तासात नोंद शोधून दिली. एरवी सगळी व्हाउचरं पुन्हा काढावी लागली असती. एक नंबर काम मॅडम, मनापासून आभार 👏".

'एक नंबर' राहिलं आहे, इमोजीही राहिला आहे. 'तोडलंत' आणि 'वाघीण' गेले, आग आणि दंड गेले. मॅडमनी काय केलं आणि त्यामुळे काय वाचलं, ते आलं. चुकलेल्याचं नाव कुठेच नाही. त्या क्लार्कशी बोलायचं ते दुसऱ्या दिवशी समोरासमोर.

९. माझा साहेब माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे. आणि माझ्या हाताखाली काही जण वडिलांच्या वयाचे आहेत. कुणाला काय म्हणू?

ग्रुपवर दोघांनाही 'तुम्ही'. समोर बोलताना साहेब तुम्हाला 'काका' म्हणत असेल आणि तुम्ही त्याला नावाने हाक मारत असाल तर ते तुमचं आपसातलं. लेखी मात्र हुद्दा आणि वय दोन्ही सांभाळणारं रूप हवं, आणि ते 'तुम्ही' देतं.

वयाने मोठ्या कनिष्ठाचं कौतुक करताना 'शाब्बास' टाळा (कारण प्रश्न ३ मध्ये). 👏 ऐवजी 🙏 शोभतो. 'काका', 'मावशी' प्रेमाने म्हटलं जातं, पण एक गोष्ट पाहा: त्याच यादीत क्लार्कना 'सर' आणि शिपाई असलेल्या माणसालाच 'काका' असं होत नाही ना? एका मेसेजमध्ये सगळ्यांचे आभार मानताना हे फार उघडं पडतं. सगळ्यांना आडनाव आणि 'सर-मॅडम', किंवा सगळ्यांना 'दादा-ताई'. एकच पद्धत धरावी.

मित्राचा साहेब झाला असेल तर 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही विचित्र वाटतात. तिथे वाक्यातून माणूसच काढता येतो: "आजचं प्रेझेंटेशन एकदम मस्त झालं 👌". मराठीत ही पळवाट सहज मिळते, ती वापरायला लाजू नये.

१०. साहेबांनी ग्रुपवर सहकाऱ्याचं कौतुक केलं. मी त्यावर 👏 रिअ‍ॅक्शन दिली. पुरेसं आहे का?

तुमचं कौतुक भलत्याच ठिकाणी गेलं. व्हॉट्सअ‍ॅपवर रिअ‍ॅक्शनची सूचना मूळ मेसेज लिहिणाऱ्याला जाते. म्हणजे तुमच्या टाळ्या वाजल्या त्या साहेबांच्या फोनवर. सहकाऱ्याने तो मेसेज उघडून खालचे इमोजी दाबून पाहिले तरच त्याला तुमचं नाव दिसेल. त्याच्यापर्यंत पोचायचं असेल तर त्याचं नाव @ ने टॅग करून एक ओळ लिहा, किंवा त्याला थेट मेसेज करा.

तरीही चाळीस जणांच्या ग्रुपवर चाळीस वेळा 'अभिनंदन' पडू नये म्हणून रिअ‍ॅक्शन बरीच. जवळचे तीन-चार जण लिहितील, बाकीच्यांनी रिअ‍ॅक्शन द्यावी.

११. आमच्या सफाई करणाऱ्या मावशींना वाचता येत नाही, त्या ग्रुपवर आहेत. त्यांचं कौतुक कसं करायचं?

आवाजात. तीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज: "मावशी, काल पाहुणे यायच्या आत तुम्ही हॉल तयार ठेवलात, फार बरं झालं." चित्र म्हणून इमोजी त्यांना कळेलच असं धरू नका. 👌 आणि 🙏 ओळखीचे असतात, 🔥 किंवा 💯 ने गोंधळ होतो.

१२. आमच्या टीममध्ये कोल्हापूर, नागपूर, मालवण आणि दोन बिगरमराठी असे सगळे आहेत. बोलीतले शब्द वापरावेत का?

ज्याची बोली त्याने जरूर वापरावी. कोल्हापूरकराने लिहिलेलं "नाद खुळा!" ऐकणाऱ्यालाही आवडतं. पुणेकराने तेच ओढूनताणून लिहिलं की नक्कल वाटते, आणि नक्कल कौतुकात खपत नाही. बिगरमराठी सहकाऱ्याचं कौतुक असेल तर त्याला कळणाऱ्या भाषेत एक ओळ हवीच. 'विषय हार्ड' वाचून त्याला काम अवघड झालं असंच वाटेल. हिंदीत लिहिताना मराठीतला 'तुम्ही' सरळ 'तुम' करू नका, वरिष्ठांना 'आप' लागतं.

१३. चुकून 😂 किंवा 😘 गेला. आता काय करू?

रिअ‍ॅक्शन असेल तर तीच पुन्हा दाबून काढा. मेसेज असेल तर पंधरा मिनिटांच्या आत तो एडिट करता येतो. नुसता इमोजी बदलायचा असेल तेव्हा डिलीट करण्यापेक्षा हे बरं, कारण डिलीट केलेल्या जागी तशी खूण राहते आणि 'काय होतं?' अशी विचारणा सुरू होते. पंधरा मिनिटं उलटली तर साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतं.

पण मेसेज वाचला गेला असेल तर खोडाखोडीपेक्षा एक ओळ: "चुकीचा इमोजी गेला, 👏 द्यायचा होता." यापेक्षा जास्त स्पष्टीकरण दिलं की संशय वाढतो. श्रद्धांजलीखाली 😂 गेला असेल तर मात्र ग्रुपवर ही ओळ लिहून वर संबंधितांना फोनही करावा.

१४. मी मनापासून "वा! आज वेळेवर रिपोर्ट 🙂👏" लिहिलं, आणि सहकारी रागावली. का?

'आज' मुळे. एरवी वेळेवर नसतो हे त्यात येऊन गेलं. आणि 🙂 ने ते पक्कं केलं. चाळिशीपुढच्यांना हा साधा हसरा चेहरा वाटतो, तिशीच्या आतल्यांना तो ओठ दाबून हसणारा, टोमणा मारणारा वाटतो. आपण कुठल्या वयाचे ते धरू नका, वाचणारी कुठल्या वयाची ते धरा. तिथे 😊 चालतो.

कौतुकात 'आज', 'अखेर', 'चक्क', 'एकदाचा' यांतला एकही शब्द आला की समोर कुठलाही इमोजी ठेवा, टोमणाच वाचला जातो. "रिपोर्ट सकाळी दहालाच मिळाला, त्यामुळे अकराच्या मीटिंगला आकडे हातात होते. धन्यवाद 😊" असं लिहून पाहा. आणि रागावलेल्या सहकारीला ग्रुपवर समजावत बसू नका, तिच्या टेबलाशी जा.